'आपण' आणि 'आम्ही'

पाहुणीला घरातली बाई म्हणाली, "आम्ही पैठणला चाललोय," तर पाहुणीने चप्पल घालायला सुरुवात करायची नसते. "आपण पैठणला जाऊ" म्हटलं तर गोष्ट वेगळी. ऐकणाऱ्याला आत घेणारं 'आपण' आणि बाहेर ठेवणारं 'आम्ही' मराठीत वेगवेगळे आहेत. हिंदीतल्या 'हम'वरून तेवढं कळत नाही. द्रविड भाषांच्या शेजारातून हा फरक मराठीत आला, असं भाषेचे अभ्यासक मानतात.

समाजशास्त्राला हाच फरक सांगायला 1906 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी विल्यम ग्रॅहॅम समनर या अमेरिकी प्राध्यापकाने 'फोकवेज' या पुस्तकात अंतर्गट आणि बहिर्गट या कल्पना मांडल्या. आतल्यांचा सलोखा आणि बाहेरच्यांशी वैर एकमेकांना खतपाणी घालतात, असं त्याचं म्हणणं. तीन वर्षांनी, 1909 मध्ये, चार्ल्स कूलीने 'प्राथमिक समूह' हा शब्द दिला आणि तीन उदाहरणं सांगितली: कुटुंब, मुलांचा खेळगट आणि शेजार. उत्तरपत्रिकांत 'कूलीने प्राथमिक व दुय्यम असे दोन समूह सांगितले' हे वाक्य मला दरवर्षी भेटतं. 'दुय्यम' ही भर नंतरच्या अभ्यासकांची.

या दोन जोड्या एकच समजणं ही त्याहून मोठी चूक. प्राथमिक-दुय्यम ही जोडी नात्याचा पोत सांगते. माणूस गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसवता येत नसेल, तर समूह प्राथमिक. कारकून बदलला तरी खिडकी चालू राहत असेल, तर दुय्यम. अंतर्गट-बहिर्गट ही जोडी रेघ कुठे ओढली आहे ते सांगते. म्हणून लाखो अनोळखी माणसांचाही अंतर्गट होतो, आणि रोज तोंड पाहणारी माणसं एकमेकांसाठी बहिर्गट असू शकतात.

आमच्या शहरात याचं उदाहरण विद्यापीठाच्या गेटवरच आहे. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये सुरू झालं. प्रवेश, परीक्षा, निकाल असा त्याचा कारभार, म्हणजे समूह दुय्यम. पण नावात 'मराठवाडा' होता, आणि तो शब्द कोरडा नव्हता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली, 1960 मध्ये हा भाग महाराष्ट्र राज्यात आला, तरी सिंचन आणि नोकऱ्या पश्चिमेकडेच जातात ही खंत राहिली. 1974 च्या विकास आंदोलनात ती रस्त्यावर आली. 'आम्ही मराठवाड्याचे' या वाक्यातला बहिर्गट तेव्हा मुंबई-पुण्याकडे होता.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि रेघ सरकून आत आली. बाबासाहेबांच्या संस्थेचं मिलिंद महाविद्यालय याच शहरात 1950 पासून शिकवत होतं, त्यामुळे नाव काही परक्याचं नव्हतं. तरीही मराठवाड्यातल्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मारली गेली, हजारो बेघर झाले. रातोरात शेजारी शत्रू झाले, असं वर्णन मी वाचतो तेव्हा अडखळतो. शेजारी होते कधी? कूलीच्या शेजारात रोजची गाठभेट असते, आणि तिच्यातून उगवलेली जवळीकही असते. इथे एकाच शेतात राबणं होतं, पण वस्ती गावकुसाबाहेर होती. 'गावकुसाबाहेर' या शब्दात ती जुनी रेघ आहेच. ठरावाने ती आखली नाही, चिघळवली.

अशी रेघ पडायला किती लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. 1954 मध्ये मुझफर शेरीफने अमेरिकेतल्या शिबिरात 22 अनोळखी मुलांच्या दोन टोळ्या केल्या. बक्षिसांची स्पर्धा लावताच झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली, आणि दोघांनाही लागणाऱ्या पाण्यासारखी कामं एकत्र करताना ते वैर कमी झालं. हेन्री ताजफेलने 1970 च्या सुमारास स्पर्धाही काढून टाकली. 'तू या गटातला' एवढं सांगितल्यावरही मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पण या प्रयोगांतल्या मुलांचं गटाशी नातं काही दिवसांचं, काही मिनिटांचं. गावकुसाला पिढ्यांचं वय असतं, म्हणून हे निष्कर्ष इथे जपूनच वापरावेत.

नामांतराच्या सोळा वर्षांच्या लढ्यानंतर, 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचं नाव बदललं. तेही पुसून नव्हे, वाढवून: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. म्हणून या दिवसाला 'नामविस्तार दिन' म्हणतात आणि दरवर्षी गेटसमोर गर्दी उसळते. एवढं लांब नाव पोरांच्या तोंडी बसेना, त्यांनी त्याचं 'बामू' केलं. पुण्याची पोरं समोर आली की वेगवेगळ्या वस्त्यांतली ही मुलं एका सुरात म्हणतात, "आम्ही बामूचे." गावी गेल्यावर त्यांतला कोण कुणाच्या घरी जेवतो, ते मात्र उत्तरपत्रिकेत येत नाही.