वीज गेली, संगणक उठेना : शाळेच्या संगणक कक्षासाठी 'डिस्क इमेज'चा आराखडा

प्रतिनिधी

दुपारच्या तासाला वीस संगणक सुरू असतात. अचानक वीज जाते आणि सगळे पडदे एकदम काळे होतात. तासाभराने वीज परतल्यावर सतरा संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतात. उरलेल्या तिघांवर मात्र विंडोज येतच नाही. तालुक्याहून दुरुस्ती करणारा येईपर्यंत आठवडा उलटतो, तोवर आणखी दोन संगणक बंद पडलेले असतात. सत्र संपता संपता एका संगणकापुढे चार विद्यार्थी बसतात आणि माउस एकाच्याच हाती राहतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावांतील शाळांना हा प्रकार नवा नाही. वीजपुरवठा शाळेच्या हाती नाही. पण बंद पडलेला संगणक त्याच दिवशी उभा करणे शाळेला शक्य आहे. त्यासाठीचा हा आराखडा.

आधी निदान

हार्ड डिस्कवर लिहावयाची माहिती काही क्षण स्मृतीत साठवून मग डिस्कवर उतरविली जाते. त्या क्षणी वीज गेल्यास लिखाण अर्धवट राहते. आजच्या फाइल व्यवस्था अशा अपघातानंतर आपला आराखडा सावरून घेतात; परंतु अर्धवट लिहिली गेलेली एखादी प्रणाली फाइल त्यांना पूर्ण करता येत नाही. विंडोज स्वतःला अद्ययावत करीत असताना वीज गेली, तर धोका सर्वाधिक असतो. अशा संगणकाच्या पडद्यावर `Preparing Automatic Repair` हा संदेश पुन्हा पुन्हा येत राहतो.

मात्र सुरू न होणारा प्रत्येक संगणक याच कारणाने बंद पडलेला नसतो. म्हणून प्रथम बायोसच्या पडद्यावर जाऊन दोन गोष्टी पाहाव्यात. तेथे तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल किंवा सुरुवातीला `CMOS checksum error` असा संदेश आला असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. भिंतीवरील वीज नसताना बायोसची घड्याळ व मांडणी हा सेल सांभाळतो. तो संपला की मांडणी मूळ पदावर जाते आणि डिस्क धडधाकट असूनही संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. सेल बदलून मांडणी पूर्ववत केली की काम भागते. दुसरे, यादीत हार्ड डिस्कच दिसत नसेल तर दोष केबलचा किंवा डिस्कचा आहे. तारीख बरोबर आहे, डिस्कही दिसते आहे आणि तरीही विंडोज येत नाही, अशा वेळीच इमेजचा उपाय लागू पडतो.

आदर्श संगणक आणि त्याची प्रत

डिस्क इमेज म्हणजे डिस्कवरील प्रणाली, सॉफ्टवेअर आणि मांडणी यांची जशीच्या तशी घेतलेली, दाबून लहान केलेली प्रत. ती घेण्यासाठी क्लोनझिला हे विनामूल्य साधन प्रचलित आहे. ते पेन ड्राइव्हवरून सुरू होते, त्यामुळे डिस्कवरील विंडोज बंद पडले असले तरी त्याचे काही अडत नाही.

समजा, वीसपैकी सर्व संगणक एकाच बनावटीचे आहेत. त्यांपैकी निरोगी असा एक निवडावा. त्याच्या डिस्कचे दोन भाग करावेत : सी वर विंडोज व सॉफ्टवेअर, डी वर केवळ विद्यार्थ्यांच्या फाइली. हीच विभागणी पुढे साऱ्या संगणकांवर येणार असल्याने या पायरीवर घाई करू नये. अभ्यासक्रमाला लागणारी सॉफ्टवेअर, मराठी कळफलक आणि प्रिंटर बसवून विंडोज पूर्ण अद्ययावत करावे. त्यानंतर प्रशासकाच्या अधिकाराने ही आज्ञा द्यावी :

```
powercfg /h off
```

विंडोज बंद करताना खरे तर अर्धवट झोपते. ही सवय या आज्ञेने जाते. तसे न केल्यास क्लोनझिला सी विभागाची प्रत घेण्यास नकार देऊ शकते.

मग संगणक पूर्ण बंद करून क्लोनझिलाच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा, `device-image` आणि पुढे `savedisk` निवडून इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठवावी. सी वर ३० जीबी माहिती असेल, तर इमेज साधारण निम्म्या आकाराची होते. इमेज तयार झाल्यावर ती वापरता येण्याजोगी आहे की नाही, हे साधन स्वतः तपासते; तो पर्याय टाळू नये. खरी कसोटी मात्र दुसऱ्या एका संगणकावर इमेज उतरवून तो सुरू होतो का, हे पाहण्यातच आहे. इमेजची दुसरी प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.

त्या तीन संगणकांचे काय?

पहिल्या खेपेस तिन्ही संगणकांवर `restoredisk` ने पूर्ण डिस्क उतरवावी लागते, कारण सी-डी ही विभागणी त्यांच्यावर अजून नाही. यात डिस्कवरील सारे पुसले जाते. म्हणून विद्यार्थ्यांच्या फाइली आधी बाहेर काढून घ्याव्यात आणि बाहेरची डिस्क चुकून लक्ष्य म्हणून निवडली नाही ना, हे आकारावरून पडताळावे. लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी.

यानंतर पुन्हा बिघाड झाल्यास `restoreparts` पुरते. यादीतील बूटचा व सी विभाग निवडावा, डी वर खूण करू नये. विद्यार्थ्यांचे काम सुरक्षित राहते. डी विभागही दुखावला असल्याची शंका आल्यास विंडोज सुरू झाल्यावर पुढील आज्ञेने तो तपासावा :

```
chkdsk D: /f
```

साध्या यूएसबी जोडणीवरून सेकंदाला ३० एमबी या वेगाने १६ जीबीची इमेज उतरण्यास सुमारे ९ मिनिटे लागतात. जोडाजोड धरून संगणकामागे २० मिनिटे, म्हणजे तिघांना एक तास. सगळे नव्याने बसवायचे तर एकेका संगणकात अर्धा दिवस जातो. उतरविलेल्या प्रत्येक संगणकाचे नाव मात्र लगेच बदलावे. एकाच जाळ्यावर एकाच नावाचे दोन संगणक गोंधळ घालतात.

मर्यादा

इमेज वीज थांबवू शकत नाही. ती उतरत असतानाच वीज गेली तर इमेज शाबूत राहते, पण संगणक अर्धवट राहतो आणि काम पहिल्यापासून करावे लागते. म्हणून शाळेत एकच यूपीएस असेल, तर तो त्या वेळी याच संगणकाला जोडावा. वेगळ्या बनावटीच्या संगणकांसाठी वेगळी इमेज करणे सोयीचे. जुन्या बायोस पद्धतीची इमेज यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर तशीच सुरू होत नाही. इमेज जुनी होत जाते, म्हणून दर सत्राच्या आरंभी आदर्श संगणक अद्ययावत करून नवी इमेज घ्यावी आणि ती तपासून होईपर्यंत जुनी पुसू नये.

शेवटचे साधन म्हणजे एक साधी वही. कोणत्या क्रमांकाच्या संगणकावर कोणत्या तारखेला इमेज उतरविली, याची तीत नोंद असावी. वीज जाते तेव्हा ती साऱ्यांचीच जाते. तरीही एकाच सत्रात एकच संगणक तिसऱ्यांदा बसला, तर दोष विजेचा नसून त्याच्या डिस्कचा असण्याची शक्यता मोठी आहे. तेथे चौथ्यांदा इमेज उतरविण्यापेक्षा डी वरील फाइली काढून घ्याव्यात आणि डिस्क बदलावी.