तहहयात घर, पण विकायचं नाही

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत बैठी घरं आता शोधावी लागतात. जी उरली आहेत त्यांच्या दारात बिल्डर येऊन बसलेला असतो. अशा घराची कागदपत्रं चाळताना वडिलांच्या मृत्युपत्रात एक वाक्य हमखास सापडतं: ‘सदर घराचा उपभोग माझ्या पत्नीने तहहयात घ्यावा; विक्री, गहाण, बक्षीस करण्याचा अधिकार तिला राहणार नाही; तिच्या पश्चात घर माझ्या मुलांना समान मिळावे.’ घरातले लोक याला सरळ ‘लाइफ इंटरेस्ट’ म्हणतात आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे असं समजतात. तो ठाऊक नसतो. त्या एका वाक्यात दोन निराळी घराणी एकत्र आली आहेत आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

पहिलं घराणं आपलं, विधवेच्या हक्काचं. पुत्रहीन पतीची मालमत्ता विधवेकडे आली की ती मालकीण होई, पण हात बांधलेली मालकीण. पतीचं कर्ज फेडायला, मुलीचं लग्न करायला, त्याचं श्राद्ध किंवा गयायात्रा करायला ती घर विकू शकत असे. याला कोर्टांनी ‘कायदेशीर गरज’ म्हटलं. त्याशिवाय केलेली विक्री तिच्या हयातीपुरतीच टिके. तिच्या मृत्यूनंतर मालमत्ता तिच्या वारसांकडे जात नसे, तिच्या पतीच्या वारसांकडे जाई. पतीचा कोणी वारसच उरला नसेल तर विधवेचे हात मोकळे होतात का, हा प्रश्न मछलीपट्टणच्या कलेक्टरच्या खटल्यात 1861 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. उत्तर ‘नाही’ असं आलं. तिच्यावरचं बंधन वारसांच्या सोयीसाठी नाही, ते हक्काच्या स्वरूपातच आहे. वारस नसेल तर मालमत्ता सरकारकडे जाईल.

दुसरं घराणं विलायती. तिथे जमीनदार मृत्युपत्राने किंवा करारपत्राने एकाला हयातीपुरती जमीन देत आणि त्याच्यामागून दुसऱ्याला. हयातीचा मालक उत्पन्न खाई, पण मूळ वस्तूची नासधूस करू शकत नसे. 1278 च्या ग्लॉस्टरच्या कायद्यात नासधुशीबद्दल तिप्पट भरपाई होती, शिवाय नासवलेली जागाही हातातून जाई. पुढे पळवाट निघाली: ‘नासधुशीबद्दल जाब विचारू नये’ असं कागदातच लिहून ठेवायचं. लॉर्ड बर्नार्डकडे रेबी कासल असाच होता. मोठ्या मुलावर रागावून त्याने दोनशे मजूर लावले आणि किल्ल्यावरचं शिसं, लोखंड, काचा, दारं, फळ्या काढून घेतल्या. 1716 मध्ये न्यायालयाने त्याला थांबवलं आणि सगळं पूर्ववत करायला लावलं. जाब विचारू नये असं लिहिलेलं असलं तरी घरच उघडं-वाघडं करण्याची मुभा त्यातून मिळत नाही, असं ते तत्त्व. रोमनांचा उपभोगाधिकारही याच जातीचा: फळ खा, झाड राखा. पोर्तुगीज संहितेमार्फत तो गोव्यात आला.

दोन्ही घराण्यांत फरक मोठा आहे आणि तो नजरेआड होतो. पारंपरिक विधवा मालकीणच होती. गरज खरी असेल तर पूर्ण विक्री करी आणि तिच्या पतीच्या वारसांना ती मानावी लागे. मृत्युपत्राने हयातीचा हक्क मिळालेल्या बाईला ही सवलत आपोआप मिळत नाही. मृत्युपत्रात तसं म्हटलेलं नसेल तर मुलीच्या लग्नासाठीसुद्धा ती हे घर कायमचं विकू शकत नाही. मालकी मुलांकडे आधीच गेलेली असते, फक्त ताबा लांबणीवर पडलेला असतो. म्हणूनच आईच्या आधी एक मुलगा वारला तरी त्याचा हिस्सा बुडत नाही, त्याच्या वारसांकडे जातो. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 119 हेच सांगतं. सासूच्या हयातीत विधवा झालेल्या सुनेला ‘तुझा आता काय संबंध’ म्हणणारे लोक हे कलम वाचत नाहीत.

आता ही घराणी कुठे मिसळली ते पाहू. मुंबईचे सर्जन डॉ. गो. वि. देशमुख यांनी केंद्रीय विधिमंडळात विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा देणारं विधेयक आणलं आणि 1937 मध्ये त्याचा कायदा झाला. वाटा मिळाला, पण त्यावर जुनंच लेबल लागलं: मर्यादित हक्क. हे लेबल 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने काढलं. कलम 14 चं पहिलं पोटकलम म्हणतं की हिंदू स्त्रीकडे असलेली मालमत्ता, कायद्याच्या आधी मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची. दुसरं पोटकलम लगेच अपवाद सांगतं: बक्षीसपत्र, मृत्युपत्र, कोर्टाचा हुकूमनामा अशा कागदाने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहील. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने राखून ठेवलं. गेली साठ-सत्तर वर्षं कोर्टं या दोन ओळींची सीमा आखत आहेत.

या सीमेवरचा तुळसम्मा या विधवेचा खटला तेलुगू प्रदेशातलाच. पती 1931 मध्ये वारले, दिराविरुद्ध पोटगीचा दावा त्यांनी 1944 मध्ये केला, आणि 1949 मध्ये तडजोड झाली: काही मालमत्ता हयातीपुरती, विक्रीचा अधिकार नाही, पश्चात दिराकडे परत. 1956 चा कायदा आल्यावर तुळसम्मांनी त्यातली काही भाड्याने दिली, काही विकली. दीर कोर्टात गेला. हैदराबादच्या हायकोर्टाने तुळसम्मांविरुद्ध निकाल दिला, कारण तडजोडीच्या कागदात मर्यादा स्पष्ट होती. 17 मार्च 1977 रोजी सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. न्यायालयाचं म्हणणं असं की पोटगीचा हक्क विधवेकडे आधीपासून होता. कागदाने तिला नवं काही दिलं नाही, जुन्या हक्काची फक्त जागा ठरवली. म्हणून कागदातली मर्यादा पुसली गेली.

यातून बाजारात एक सोपं सूत्र पसरलं: आईला लाइफ इंटरेस्ट म्हणजे आई पूर्ण मालकीण. हे सूत्र अर्धवट आहे. तुळसम्मांचा कागद मृत्युपत्र नव्हता. मृत्युपत्राबाबत 1971 मध्ये कर्मी विरुद्ध अमरू या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पतीने पत्नीला दिलेला हयातीचा हक्क मर्यादितच मानला होता. 2015 मध्ये आंध्रातल्याच 1920 च्या मृत्युपत्राबाबत मात्र त्याच न्यायालयाने तिसऱ्या पत्नीचा हयातीचा हक्क पूर्ण मालकीत बदलल्याचं म्हटलं. 2022 मध्ये जोगी राम खटल्यात पुन्हा उलट: स्वकष्टार्जित मालमत्ता असलेल्या पतीला पत्नीला मर्यादित हक्क देण्याची मुभा आहे. शेवटी 9 डिसेंबर 2024 रोजी तेज भान खटल्यात न्यायालयाने ही विसंगती मोठ्या खंडपीठाकडे सोपवली. आज सावधपणे सांगायचं तर एवढंच: घर पतीचं स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र पोटगीच्या बदल्यात नसेल, तर ‘तहहयात’ या शब्दाचा अर्थ तहहयातच धरून चाला.

आता एक कल्पित घर घेऊ. चिक्कडपल्लीत वडिलांनी पगारातून बांधलेलं, तळमजला आणि वर एक मजला. मृत्युपत्रात वरचं वाक्य. आई खाली राहतात, वरचा मजला भाड्याने दिला आहे, एक मुलगा पुण्यात, दुसरा इथेच.

भाडं आईचं, त्यात मुलांचा वाटा नाही. हक्क चालू आहे तोवर घरपट्टी आणि नेहमीची डागडुजीही त्यांच्याच अंगावर. वरच्या मजल्याचा भाडेकरार त्या करू शकतात, पण दहा वर्षांचा करार केला आणि तिसऱ्या वर्षी त्या गेल्या तर करार तिथेच संपतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 111 मध्ये हे सरळ लिहिलं आहे. मोठी आगाऊ रक्कम देणाऱ्या भाडेकरूने मुलांचीही सही का मागावी, ते यावरून कळावं. घर पाडणं, मोठा बदल करणं, जुनी सागवानी दारं विकणं हे आईच्या अधिकाराबाहेर आहे. मुलं मनाई हुकूम आणू शकतात. गहाणाचंही तेच: गहाण उभं राहील ते तिच्या हयातीच्या उत्पन्नावर, घरावर नव्हे. तिने कोणाला घर ‘विकलं’ तरी खरेदीदाराला तेवढंच मिळतं. ती गेली की मुलं येऊन दार उघडायला सांगतील. आणि तिचं स्वतःचं मृत्युपत्र या घराबाबत निरर्थक ठरतं, कारण तिच्यामागे तिचं काही उरतच नाही.

बिल्डरशी विकास करार मात्र होऊ शकतो. आई आणि दोन्ही मुलगे यांनी एकत्र सह्या केल्या तर सगळे तुकडे एका कागदावर येतात. पुण्याचा मुलगा सही नाकारत असेल तर फ्लॅट उठत नाही. मग नातेवाईक आईला सांगतात, ‘तुमच्या नावाची घरपट्टीची पावती आहे ना, मग कशाला घाबरता?’ पालिकेच्या नोंदीवरचं नाव कर कोण भरतं ते दाखवतं, मालकी ठरवत नाही.

खरा सापळा रजिस्ट्रारच्या दफ्तरात आहे. घर घेणारा सब-रजिस्ट्रार ऑफिसातून बोजाचा दाखला काढतो आणि निर्धास्त होतो.  पण दाखला पहिल्या पुस्तकातल्या नोंदींवरून मिळतो, म्हणजे खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र वगैरे. मृत्युपत्रं तिसऱ्या पुस्तकात जातात, आणि मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसल्याने कित्येक तर कुठल्याच पुस्तकात नसतात. दाखला कोरा दिसतो, आणि घरावर दोन मुलांची मालकी असते. मृत व्यक्तीच्या नावाचं खरेदीखत आणि विकणारी म्हणून तिची पत्नी, एवढंच दिसलं तर पुढचा प्रश्न ‘मृत्युपत्र आहे का’ हाच असायला हवा. आहे म्हटलं तर प्रत मागा, नाही म्हटलं तर सगळ्या वारसांची सही मागा.

दोष मात्र लिहिणाऱ्यांचाही आहे. कित्येक मृत्युपत्रांत पहिल्या ओळीत ‘पूर्ण हक्काने पत्नीस देतो’ आणि चौथीत ‘तिच्या पश्चात मुलांस’ असं असतं. पूर्ण मालकी एकदा दिल्यावर मागून घातलेली अट टिकत नाही, असं म्हणणारे निकाल आहेत, आणि एकंदर हेतू मर्यादित होता असं म्हणणारेही. अशा कागदावर वकिलांची दोन पिढ्यांची सोय होते. म्हणून मृत्युपत्र करणाऱ्याने चार गोष्टी तरी शब्दांत लिहाव्यात: पत्नीने घर किती काळासाठी भाड्याने द्यावं, मोठ्या दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, आजारपणात गहाण टाकता यावं की नाही, आणि पुनर्बांधणी आली तर तिला नव्या इमारतीत कोणती खोली मिळावी. शेवटची गोष्ट चिक्कडपल्लीत आधी लिहा.