आठ वजिरांचा प्रश्न : गणनेचा इतिहास आणि कर्णांच्या खुणा

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे मांडावयाचे की, कोणताही वजीर दुसऱ्याच्या माऱ्यात येऊ नये. आणि अशा मांडण्या एकूण किती होतात हे सांगावयाचे. हा प्रश्न माक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने १८४८ साली बर्लिनच्या एका बुद्धिबळविषयक मासिकात टोपणनावाने विचारला. एखादी मांडणी शोधून काढणे हे थोड्या चिकाटीचे काम आहे. परंतु ‘एकूण किती’ या दुसऱ्या भागाचे उत्तर देताना भलेभले अडखळले, आणि प्रश्नाचे खरे स्वारस्य त्यातच आहे.

१८५० साली लायप्झिगच्या ‘इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ या सचित्र पत्रात फ्रान्झ नाउक यांनी प्रथम ६० मांडण्या प्रसिद्ध केल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती संख्या ९२ वर नेली. त्याच सुमारास गाउसही या प्रश्नात रमला होता. आल्टोना येथील आपला ज्योतिर्विद मित्र शूमाखर यास लिहिलेल्या पत्रांत त्याने आधी ७६ मांडण्या सापडल्याचे कळविले, आणि पुढे त्यांतील चार चुकीच्या ठरल्याने ७२ उरल्या. गाउसनेच हा प्रश्न सोडविला, ही समजूत नंतरच्या मनोरंजक गणिताच्या ग्रंथांतून बराच काळ पसरली. ती कशी वाढत गेली हे पॉल कॅम्पबेल यांनी १९७७ साली मूळ पत्रव्यवहाराच्या आधारे दाखवून दिले. ९२ हा आकडा नाउक यांचा होय.

असे असले तरी गाउसच्या पत्रांत एक गोष्ट आहे, आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ती त्याच्या आकड्याहून मोलाची आहे. त्याने पट बाजूला सारून प्रश्न अंकांचा केला. प्रत्येक ओळीत एकच वजीर बसणार. तेव्हा तो कोणत्या स्तंभात आहे एवढेच ओळीमागून ओळ लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, १ ५ ८ ६ ३ ७ २ ४. एकही अंक दोनदा आलेला नाही, म्हणजे स्तंभांची अट पुरी झाली. आता या अंकांत अनुक्रमे १ ते ८ मिळवा : २, ७, ११, १०, ८, १३, ९, १२. पुन्हा मूळ अंकांत उलट क्रमाने, ८ ते १, मिळवा : ९, १२, १४, ११, ७, १०, ४, ५. दोन्ही वेळा आठही बेरजा भिन्न आहेत, म्हणून मांडणी निर्दोष. याचे कारण सोपे आहे. एका दिशेच्या कर्णावरील सर्व घरांत ओळ व स्तंभ यांची बेरीज सारखीच असते. दुसऱ्या दिशेच्या कर्णावर त्यांची वजाबाकी सारखी असते. उलट क्रमाने मिळविणे हे वजाबाकीचेच रूप होय.

सुमारे सव्वाशे वर्षांनी हीच कल्पना संगणकाच्या आज्ञावलीत अवतरली. निकलाउस विर्थ यांनी १९७१ साली आज्ञावली पायरीपायरीने कशी घडवावी हे दाखविण्यासाठी हाच प्रश्न घेतला. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या टिपणांत सर्व मांडण्या काढण्याची रीत सविस्तर मांडली. दोघांनीही खुणांच्या तीन पंक्ती, म्हणजे अ‍ॅरे, ठेवल्या आहेत : एक स्तंभांची, एक बेरजांची, एक वजाबाक्यांची. नवा वजीर ठेवण्यापूर्वी आधीच्या प्रत्येक वजिराशी ताडून पाहण्याचे कारण उरत नाही. तीन खुणा पाहिल्या की निर्णय होतो. आठाच्या पटावर बेरजा २ ते १६ आणि वजाबाक्या −७ ते +७, म्हणजे प्रत्येक दिशेस पंधरा कर्ण. ऋण क्रमांक चालत नसेल तेथे वजाबाकीत पटाची रुंदी मिळवावी :

```pascal
procedure thev(r: integer);
var c: integer;
begin
  if r > n then total := total + 1
  else for c := 1 to n do
    if not (col[c] or sum[r+c] or dif[r-c+n]) then
    begin
      col[c] := true; sum[r+c] := true; dif[r-c+n] := true;
      thev(r + 1);
      col[c] := false; sum[r+c] := false; dif[r-c+n] := false
    end
end;
```

यातील शेवटची खुणा पुसण्याची ओळ नवशिक्याच्या हातून वारंवार सुटते. तिचे महत्त्व चाराच्या पटावर पाहावे. पहिला वजीर स्तंभ १ मध्ये, दुसरा ३ मध्ये ठेवला की तिसऱ्या ओळीत जागाच उरत नाही. माघार घेऊन दुसरा वजीर ४ मध्ये नेला, तर तिसरा २ मध्ये बसतो. पण चौथ्यास घर नाही. पुन्हा माघार, थेट पहिल्या ओळीपर्यंत. आता पहिला वजीर स्तंभ २ मध्ये ठेवला की दुसरा ४ मध्ये, तिसरा १ मध्ये, चौथा ३ मध्ये बसतो आणि पहिली मांडणी हाती येते : २ ४ १ ३. तिचे आरशातील प्रतिबिंब ३ १ ४ २. एकूण दोन.

खुणा पुसल्या नाहीत तर काय घडते? दुसऱ्या ओळीत स्तंभ ३ वर काही क्षण ठेवलेल्या आणि नंतर उचललेल्या वजिराची −१ ही वजाबाकीची खूण तशीच राहते. पुढे पहिल्या ओळीत स्तंभ २ पाहू गेल्यास १ − २ हीही −१ च. म्हणून रिकाम्या पटावरचे ते घर नाकारले जाते. उरलेले स्तंभही जुन्या खुणांनी अडलेले असतात, आणि उत्तर येते शून्य. आज्ञावली कोठेही अडखळत नाही, तक्रार करीत नाही. म्हणूनच हा दोष फसवा आहे.

तो ओळखण्यास सममितीचा आधार घ्यावा. आठाच्या पटावर पहिला वजीर कोणत्या स्तंभात आहे त्यानुसार मांडण्या मोजल्या, तर ४, ८, १६, १८, १८, १६, ८, ४ अशी संख्या येते. डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब असलीच पाहिजे. नसेल तर कोठेतरी खूण राहिली किंवा पुसली गेली. फिरविणे व उलटविणे यांनी एकमेकींत बदलणाऱ्या मांडण्या एकच मानल्या तर मूळ मांडण्या बाराच उरतात. त्यांतील अकरांची प्रत्येकी आठ रूपे होतात आणि एकीची, ती अर्ध्या फेऱ्याने स्वतःशीच जुळत असल्याने, चारच. अकरा अष्टे अठ्ठ्याऐंशी, आणि चार मिळून ९२.

शोधाचा आवाकाही पाहण्यासारखा आहे. चौसष्टांतून आठ घरे निवडण्याचे प्रकार ४,४२,६१,६५,३६८. ओळी व स्तंभ यांची अट घातली की ४०,३२०. पण कर्णांच्या खुणा वाटेतच अडवीत असल्यामुळे वजीर ठेवण्याचे प्रसंग येतात अवघे २,०५६. पहिल्या ओळीत ८, मग ४२, १४०, ३४४, ५६८, ५५०, ३१२ आणि शेवटी ९२. पाचव्या ओळीपर्यंत झाड फोफावते व नंतर आकसते. ९२ या संख्येची खात्री पद्धतशीर चाचपणीने तासा-दोन तासांत करून घेता येईल, असे गाउसने सप्टेंबर १८५० च्या अखेरीस लिहिले होते. हाताने दोन हजारांवर घरे तपासण्यास तेवढा वेळ पुरेल की नाही याविषयी आम्हांस शंका आहे; परंतु रीत त्याने अचूक ओळखली होती.

या रीतीची मर्यादा मात्र उघड आहे. खुणा प्रत्येक घराची तपासणी स्वस्त करतात, घरांची संख्या आटोक्यात ठेवू शकत नाहीत. दहाच्या पटावर ७२४ मांडण्या, बाराच्या पटावर १४,२००, सोळाच्या पटावर १,४७,७२,५१२. नेमकी संख्या देणारे कोणतेही सोयीचे सूत्र ज्ञात नाही. पट फार मोठा झाला असता ती अंदाजे ०.१४३ गुणिले n या राशीच्या n व्या घाताएवढी होते, असे मायकेल सिमकिन यांनी २०२१ साली दाखविले. तत्पूर्वी २०१६ साली ड्रेस्डेन येथे सत्तावीसच्या पटाची गणना पूर्ण झाली होती. तेथे मांडण्या निघाल्या २,३४,९०,७९,६७,१५,४१,२२,५२८.