करारभंगाची नोटीस (सुधारणेच्या मुदतीसह)

व्यवहारातल्या दुसऱ्या पक्षाने कराराची एखादी अट मोडल्यावर त्याला पाठवायचे लेखी पत्र. काय ठरले होते, प्रत्यक्षात काय घडले, चूक दुरुस्त करायला किती दिवस आहेत आणि त्या दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर करारानुसार पुढे काय होईल, या चार गोष्टी त्यात असतात. करार संपवण्याचे पत्र याहून वेगळे असते आणि या नोटिशीनंतर जाते. भागीदारी संस्थेतल्या भागीदाराला द्यायच्या नोटिशीला 1932 चा भागीदारी कायदा लागू होतो, म्हणून ती येथे घेतलेली नाही. ही नोंद स्वतंत्र धंदा असलेल्या, पण करारान्वये एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन पक्षांपुरती आहे.

अशी नोटीस का लागते, ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट दिसते. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडणारा जलसेतू बांधण्याचे काम तेव्हाच्या मुंबई राज्याने 1955 मध्ये हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स या संस्थेला दिले. काम बारा महिन्यांत पुरे व्हायचे होते, ते झाले नाही. सरकारने ऑगस्ट 1956 मध्ये ठेका थेट रद्द केला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1979 मध्ये निकाल ठेकेदाराच्या बाजूने लागला. न्यायालयाने करार सबंध वाचला. त्यात मुदतवाढीचे कलम होते आणि उशिराबद्दल दंडही ठरला होता. ज्या करारात उशीर गृहीत धरून सोय केलेली असते, त्यात नुसती तारीख लिहिल्याने मुदत हा कराराचा गाभा ठरत नाही. सरकारने आधी नवी तारीख द्यायला हवी होती, ही तारीख निर्णायक आहे असे कळवायला हवे होते आणि ती उलटल्यावरच ठेका रद्द करायला हवा होता. सुधारणेची मुदत म्हणजे उदारपणा नव्हे. सैल पडलेली तारीख पुन्हा घट्ट करण्याचे ते साधन आहे.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न वारंवार पडेल असे काम चालते. कुंडलिकेकाठच्या या वसाहतीत रासायनिक कारखान्यांचा भरणा आहे, आणि या धंद्यात एका कारखान्याने कच्चा माल द्यायचा, दुसऱ्याने तो शुद्ध करून किंवा वाळवून परत करायचा, ही जॉबवर्कची पद्धत रुळलेली आहे. समजुतीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. करार 10 जून 2024 चा. कलम 6 प्रमाणे माल मिळाल्यापासून 21 दिवसांत वाळवून परत करायचा. कलम 11 प्रमाणे ओलावा 0.5 टक्क्यांहून जास्त नको. कलम 17 प्रमाणे भंग झाल्यास लेखी नोटीस आणि दुरुस्तीला 30 दिवस, तरीही दुरुस्ती न झाल्यास करार संपवण्याचा हक्क.

चौथ्या बॅचचा माल 3 फेब्रुवारी 2025 ला गेला. तो 24 फेब्रुवारीला यायचा होता, आला 19 मार्चला, म्हणजे 23 दिवस उशिरा. पाचवी बॅच 10 मार्चला गेली, 31 मार्चला अपेक्षित होती, 22 एप्रिलला आली आणि तिचा ओलावा 1.2 टक्के निघाला. सहाव्या बॅचचे 4,800 किलो 7 एप्रिलला गेले. 28 एप्रिल उलटला, 20 मे उजाडला, तरी माल नाही. नोटिशीतली वस्तुस्थिती एवढीच असते, आणि ती याच थंडपणे लिहावी. प्रत्येक तारखेसमोर तिचा कागद हवा: जाताना गेटपास, येताना चलन, ओलाव्यासाठी लॅबचा अहवाल आणि कोणत्या कलमाचा भंग झाला त्याचा क्रमांक. ‘आपण सातत्याने हलगर्जीपणा करत आहात’ हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ते सिद्ध करता येत नाही. ‘22 एप्रिलच्या चलनावरील माल 22 दिवस उशिरा पोचला’ हे सिद्ध करता येते. विशेषणे जितकी कमी, तितके समोरच्याला नाकारायला कमी उरते.

तीन बॅचचा उशीर सारखाच दिसत असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो सारखा नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, मुदत हा कराराचा गाभा असताना उशिरा आलेले काम जो स्वीकारतो, त्याला त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर स्वीकारतानाच तसे कळवावे लागते. चौथी बॅच गेटवर मुकाट्याने उतरवून घेतली होती. पाचवीच्या चलनावर मात्र भांडारातल्या माणसाने पेनाने एक ओळ लिहिली होती: ‘उशिराच्या नुकसानीचा हक्क राखून माल घेतला’. खाली तारीख, सही आणि चालकाचीही सही. त्या एका ओळीने पाचव्या बॅचची मागणी भक्कम उभी राहते, चौथीची डळमळते. मुदत गाभा नव्हती असे ठरले तर चौथीचीही भरपाई मागता येईल, पण आधी तो वाद घालावा लागेल. म्हणून नोटिशीत चौथी बॅच केवळ घटनाक्रम म्हणून द्यावी आणि मागणी पाचवी व सहावी यांवर उभी करावी. कमकुवत मुद्दा यादीतल्या पक्क्या मुद्द्यांनाही खाली ओढतो.

सुधारणेची मुदत करारात लिहिलेली असेल तर तीच द्यावी. कमी दिल्यास नोटीसच सदोष ठरू शकते. करार गप्प असेल तर काम खरोखर होऊ शकेल इतके दिवस द्यावेत. ड्रायर दुरुस्त करून 4,800 किलो वाळवायला दोन आठवडे लागत असतील, तर तीन दिवसांची मुदत न्यायालयात दिखाऊ वाटेल. दिवस कधीपासून मोजायचे हेही लिहायला हवे. उदाहरणातली नोटीस 20 मे 2025 ला निघाली आणि 23 मे रोजी पोचली असे धरले, तर पोचल्याचा दिवस सोडून तिसावा दिवस 22 जूनला येतो, आणि तो रविवार आहे. अशा मोजणीवरून भांडण होऊ नये म्हणून ‘नोटीस मिळाल्यापासून 30 दिवस किंवा सोमवार 30 जून 2025 सायंकाळी 5, यांपैकी जे नंतर येईल ते’ असे लिहिणे बरे.

‘तातडीने सुधारणा करावी’ ही मात्र मागणीच नव्हे, कारण ती पुरी झाली की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. येथे दुरुस्ती म्हणजे नेमके काय? सहाव्या बॅचचा माल कलम 11 च्या प्रतीत परत करणे. ते जमत नसेल तर कच्चा माल वजन करून परत देणे. पाचवी बॅच स्वखर्चाने पुन्हा वाळवून देणे. ओलाव्याबाबत रोह्याकडे एक सबब हमखास पुढे येते, ती पावसाची. पण कोकणात जूनमध्ये पाऊस पडतो हे करारावर सही करताना दोघांनाही ठाऊक होते. नेहमीचा पाऊस आणि कारखान्यात पाणी शिरवणारा पूर यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारासाठी करारात दैवी आपत्तीचे कलम असेल तर त्याचा विचार व्हायला हवा. नोटिशीत ‘काही अपरिहार्य कारण असल्यास मुदतीत लेखी कळवावे’ अशी ओळ घातली तर खरे कारण असलेला माणूस ते आताच सांगतो, आणि नसलेल्याला नंतर रचणे अवघड जाते.

परिणाम लिहिताना नोटिशींची सर्वाधिक नासाडी होते. परिणाम करारातून किंवा कायद्यातून यायला हवा, आणि तो ज्या भंगाबद्दल बोलतो त्याच भंगाशी जोडलेला असायला हवा. ‘मुदतीत दुरुस्ती न झाल्यास कलम 17 खाली करार संपवण्याचा व सहावी बॅच अन्यत्र वाळवून घेतल्यास दरातील फरक मागण्याचा आमचा हक्क आम्ही वापरू’ हा परिणाम झाला. करारातला दर किलोला 26 रुपये आणि दुसरीकडचा 38 असेल, तर 4,800 किलोवर फरक 57,600 रुपये होतो. हा आकडा मांडणीसह द्यावा. करार कायद्याच्या कलम 73 खाली भंगातून स्वाभाविकपणे झालेले नुकसान मिळते. शिवाय नुकसान आटोक्यात ठेवायला आपण काय केले हेही पाहिले जाते. करारात दंडाची रक्कम ठरली असली तरी त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. म्हणून मोठा आकडा लिहून वजन वाढत नाही.

‘पैसे भरा, नाहीतर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करू’ ही धमकी झाली. धाटावसारख्या ठिकाणी हे वाक्य फार पटकन सुचते, कारण शेजारच्या कारखान्याचे सांडपाणी सगळ्यांनाच दिसते. सांडपाण्याची तक्रार खरी असेल तर ती त्याच दिवशी मंडळाकडे जायला हवी, कुंडलिकेचे पाणी पिणाऱ्यांसाठी. ती आपल्या वसुलीसाठी राखून ठेवणे चूक आहे. नोटिशीत ती सौदा म्हणून आली की उद्या न्यायाधीशांना लिहिणाऱ्याचा हेतू दिसतो, कराराचा भंग दिसत नाही. फौजदारी गुन्ह्याची किंवा दिवाळखोरीच्या अर्जाची भीती घालणेही याच जातीचे. ‘पुढची सगळी बिले अडवू’ हेही लिहू नये. चौथ्या बॅचच्या मालाबद्दल तक्रार नसेल तर तिचे बिल वेळेवर द्यावे लागते. जॉबवर्क करणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे बिल चुकवण्याची करारातली मुदतही 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते. भंगाची नोटीस देणाराच भंग करून बसतो तो असा.

नोटीस करारातल्या पत्त्यावर आणि करारात सांगितलेल्या मार्गानेच जावी. बऱ्याचदा कारखाना धाटावला आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असते. तेव्हा दोन्हीकडे पाठवावी. बरोबर पत्ता, पुरेसे टपालशुल्क आणि नोंदणीकृत टपाल असेल, तर 1897 च्या सामान्य वाक्यखंड कायद्याच्या कलम 27 खाली ती पोचली असे गृहीत धरले जाते. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आले तर ते फोडू नये, तसेच ठेवावे.

मुदतीच्या काळात सातवी बॅच आली आणि ती मुकाट्याने उतरवून घेतली, तर आपणच तारीख पुन्हा सैल केली असे म्हणायला जागा होते. चलनावरची ती एक ओळ तेव्हाही लागते. मुदत संपल्यावर करार संपवायचा असेल तर वेगळे, छोटे पत्र द्यावे. एकाच नोटिशीत ‘30 दिवसांत सुधारा’ आणि ‘आजपासून करार रद्द’ असे दोन्ही लिहिले, तर पहिल्या वाक्याला अर्थ उरत नाही. करारात लवादाचे कलम असेल तर लवादाकडे जाण्याची मागणीही स्वतंत्र पत्रातच असावी, कारण 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 21 प्रमाणे, दोघांनी वेगळे ठरवले नसेल तर, ती मागणी समोरच्याला मिळाल्याच्या तारखेला लवादाची कार्यवाही सुरू होते. लवाद नसेल आणि वाद किमान तीन लाखांचा व्यापारी वाद असेल, तर तातडीचा आदेश नको असताना दाव्याआधी मध्यस्थीला जाणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरवले. दाव्याची तीन वर्षांची मुदत भंगाच्या तारखेपासून चालते. नोटीस पाठवल्याने ती थांबत नाही, आणि समोरून उत्तर येण्याची वाट पाहत बसल्यानेही नाही.