बारा तासांत संपलेली कंपनी आणि तासाभराची किल्ली
#थ्रेड 🧵

१/ १७ जून २०१४. इतरांचा सोर्स कोड सांभाळणाऱ्या ‘कोड स्पेसेस’ या कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडवरील कन्सोलमध्ये एक घुसखोर शिरला आणि त्याने खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलले. परंतु त्याने आधीच स्वतःसाठी जादा लॉगिन करून ठेवली होती. आपल्याला हुसकावले जात आहे हे दिसताच तो एकेक गोष्ट पुसू लागला.

२/ बारा तासांत बहुतेक डेटा आणि बॅकअपही नाहीसे झाले, कारण तेही त्याच कन्सोलच्या कक्षेत होते. कंपनीला कारभार गुंडाळावा लागला.

३/ घुसखोराने वापरलेली वाट सर्वत्र रुळलेलीच होती. खाते क्लाउडमध्येच निर्माण होई आणि त्याची किल्ली कोणी रद्द करीपर्यंत चालत राही. याउलट मुदतीचा परवाना ही कल्पना जुनी आहे. १९८०च्या दशकात एमआयटीत घडलेली ‘कर्बेरॉस’ प्रणाली एकदाच पासवर्ड घेई आणि काही तासांत बाद होणारे तिकीट देई. मार्च २००५ मध्ये आलेल्या सॅम्ल २.० या मानकाने असा विश्वास एका संस्थेकडून दुसरीकडे नेण्याची रीत घालून दिली. ॲमेझॉनने ती नोव्हेंबर २०१३ मध्ये स्वीकारली, म्हणजे या घटनेच्या आधीच!

४/ या रीतीत कर्मचारी क्लाउडच्या दारी पासवर्ड देतच नाही. तो स्वतःच्या कंपनीच्या लॉगिन यंत्रणेपुढे ओळख पटवतो. ती यंत्रणा ‘हा अमुक, याला अमुक भूमिका द्यावी’ असा दाखला लिहून त्यावर आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करते. ब्राउझर तो दाखला ॲमेझॉनकडे पोहोचवतो. पाच मिनिटांत वटवला नाही, तर तो व्यर्थ. सही पटली की तात्पुरती किल्ली मिळते. तिची मुदत सहसा एक तास, फार तर बारा. ती ओळखणेही सोपे: कायमच्या किल्लीचा क्रमांक `AKIA` ने सुरू होतो, तात्पुरतीचा `ASIA` ने.

५/ नोकरी सोडणाऱ्याचे कंपनीतील एक खाते बंद केले की नव्या किल्ल्या थांबतात. हाती असलेली किल्ली मात्र मुदतीपर्यंत चालते. शिवाय क्लाउडचे मूळ मालक-खाते या व्यवस्थेबाहेरच राहते. ते वेगळे जपावे लागते.

६/ आणि सही करणारी किल्लीच चोरीस गेली तर? २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी काही ठिकाणी नेमके तेच केले. ते हव्या त्या नावाचे दाखले स्वतःच लिहू लागले. सही अस्सल असल्याने क्लाउडला शंका येण्याचे कारण नव्हते. अशी बनावट पकडायची तर दोन वह्या ताडून पाहाव्या लागतात: क्लाउडच्या नोंदवहीत प्रवेश दिसतो, पण कंपनीच्या लॉगिन यंत्रणेत त्या क्षणी दाखला दिल्याची नोंदच नसते.