ब्राउझरमधील जतन केलेले पासवर्ड व खाते-पुनर्प्राप्ती

बीड जिल्ह्यात महाडीबीटी शिष्यवृत्तीचा अर्ज पुष्कळदा सेवा केंद्राच्या संगणकावर भरला जातो. तिथे क्रोमने विचारल्यावर ‘सेव्ह’ दाबले, तर पासवर्ड विद्यार्थ्याच्या नव्हे, केंद्रचालकाच्या प्रोफाइलमध्ये साठतो. सिंक चालू असल्यास तो त्याच्या मोबाइलवरही पोहोचतो. अशा वेळी पोर्टलवरून लॉगआउट करून भागत नाही. पासवर्ड बदलावाच लागतो.

स्वतःच्या प्रोफाइलमध्ये साठवण मात्र उपयोगी ठरते. मोबाइल हरवला, तरी घरच्या लॅपटॉपवर `chrome://password-manager/passwords` उघडून, लॅपटॉपचा पिन देऊन विसरलेला पासवर्ड वाचता येतो. तो पोर्टलवर नंतर बदलला, पण क्रोममध्ये अद्ययावत केला नसेल, तर जुनाच दिसतो. गुगल खातेच बंद झाले, तर नव्या उपकरणावर ही साठवण उघडत नाही. म्हणून आधीपासून साइन-इन असलेल्या लॅपटॉपवरून घाईने साइन-आउट करू नये.