लोहमापन, हृदय व यकृतातील (एमआरआयद्वारे)

वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णांच्या हृदयात आणि यकृतात साचलेले लोह चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे एमआरआयने, मोजण्याची पद्धत. तिचा मुख्य उपयोग बीटा थॅलेसेमिया मेजरमध्ये होतो. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र मानवी शरीरात नाही. दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम जाते. उरलेले आधी यकृतात आणि प्लीहेत साठते, नंतर हृदयाच्या स्नायूत आणि अंतःस्रावी ग्रंथींत शिरते.

या लोहाचा अंदाज घेण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी चाचणी म्हणजे रक्तातील फेरिटिन. ती स्वस्त आहे, दर तीन महिन्यांनी करता येते आणि एकाच रुग्णाचे आकडे वर्षानुवर्षे ओळीने मांडले तर उपयोगीही पडते. पण फेरिटिन लोह मोजत नाही. लोह साठवणाऱ्या या प्रथिनाचा जो अंश रक्तात उतरतो तेवढाच ती चाचणी दाखवते. ताप, जंतुसंसर्ग किंवा यकृतदाह असला की लोह न वाढताही आकडा चढतो. क जीवनसत्त्व कमी पडले की लोह असूनही तो उतरतो. चढवलेल्या रक्तातून मिळालेल्या हिपॅटायटिस सी च्या रुग्णात ३,००० चे फेरिटिन नेमके कशामुळे आले, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

याहून मोठी उणीव हृदयाबाबत आहे. यकृत लोह लवकर साठवते आणि लोह बाहेर काढणारे औषध नियमित घेतले की काही महिन्यांत बरेच मोकळे होते. हृदयात लोह उशिरा शिरते आणि तितकेच सावकाश बाहेर पडते. साठा निम्म्यावर यायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. रक्तातील लोहवाहक प्रथिन, ट्रान्स्फेरिन, पूर्ण भरले की उरलेले मोकळे लोह हृदयपेशींच्या कॅल्शियम-मार्गांतून आत जाते. औषधात खंड पडलेल्या काळात हे घडते. पुढे औषध सुरळीत झाले की फेरिटिन आणि यकृत दोन्ही सुधारतात, पण हृदयात त्या जुन्या काळाचा साठा तसाच राहतो.

मापनामागचे तत्त्व असे. साठलेले लोह आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म विस्कळीतपणा आणते. त्यामुळे ऊतींतील पाण्यातून येणारा संकेत लवकर विझतो. तो किती वेळात विझतो याचे माप म्हणजे टी-टू-स्टार (टी२*), आणि ते मिलिसेकंदांत सांगतात. लोह जितके जास्त, तितका टी२* कमी. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील डडली पेनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांत हृदयाचा टी२* मोजून दाखवला. तो २० मिलिसेकंदांखाली गेला की डाव्या जवनिकेची ताकद घटू लागते, असे त्यांना आढळले. त्याचा फेरिटिनशी किंवा यकृतातील लोहाशी मेळ मात्र बसत नव्हता. या विषयाचा गाभा त्या न बसलेल्या मेळातच आहे.

२० च्या वर हृदय लोहमुक्त समजतात. १० ते २० म्हणजे सौम्य ते मध्यम भार. १० च्या खाली तीव्र. २००९ च्या एका अभ्यासात ६५२ रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांचे हृदय वर्षभरात निकामी झाले, त्या जवळजवळ सर्वांचा, म्हणजे ९८ टक्क्यांचा, टी२* १० च्या खाली होता. २०११ मध्ये मृत्यूनंतर मिळालेल्या हृदयांशी ताडून या आकड्याचे लोहात रूपांतर करणारे सूत्र ठरले. त्यानुसार २० मिलिसेकंद म्हणजे ऊतीच्या कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला सुमारे १.१ मिलिग्रॅम लोह, आणि १० म्हणजे २.७.

नमुन्यादाखल एक काल्पनिक रुग्ण घेऊ. वय १९, वजन ४५ किलो, दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या. म्हणजे वर्षाला सुमारे ७ ग्रॅम लोह. निरोगी माणसाच्या संपूर्ण शरीरात ते ३ ते ४ ग्रॅम असते. बाराव्या ते सोळाव्या वर्षांत तिने डेस्फेरिऑक्सामिनचा पंप अनेकदा लावलाच नाही आणि फेरिटिन ४,५०० वर गेले. पुढची तीन वर्षे डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या नियमित झाल्या. आता फेरिटिन १,१०० आहे. इकोत हृदयाची ताकद ६२ टक्के, म्हणजे सामान्य दिसते. यकृताचा टी२* ६.५. १,००० ला ६.५ ने भागले की १५४ येतात आणि प्रचलित सूत्राने दर ग्रॅमला सुमारे ४ मिलिग्रॅम लोह निघते. हा भार सौम्यच. १५ च्या वर गेला तर तीव्र. हृदयाचा टी२* मात्र ८, म्हणजे दर ग्रॅमला साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक.

केवळ फेरिटिन पाहणारा डॉक्टर येथे औषधाची मात्रा कमी करण्याचा विचार करेल, आणि तो निर्णय तिच्यासाठी घातक ठरू शकेल. इकोवर विसंबणेही चुकीचे, कारण तो आकडा उशिरा पडतो. येथे उपचार वाढवायचा असतो: लहान रेणूचे, हृदयपेशीत शिरणारे डेफेरिप्रोन आणि सोबत डेस्फेरिऑक्सामिन. सार्डिनियातील रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीने हृदयाचा टी२* वर्षभरात ११.७ वरून १७.७ झाला, एकट्या डेस्फेरिऑक्सामिनने १२.४ वरून १५.७. डेफेरिप्रोनने पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि ताप आला की गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठावा लागतो. हृदयाची पुढची मोजणी सहा महिन्यांनी.

मोजणीला रंगद्रव्याचे इंजेक्शन लागत नाही. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून, एका रोखलेल्या श्वासात, एकाच छेदाच्या आठ-दहा प्रतिमा वाढत्या अंतराने घेतात. मग दोन जवनिकांमधल्या पडद्यावर क्षेत्र आखून संकेताचा उतार काढतात. पडदाच का, तर बाहेरच्या भिंतीला फुप्फुसातील हवा आणि मोठी शीर लागून असतात आणि त्यांच्यामुळे टी२* खोटा कमी येतो. यकृतात नेमकी उलटी चूक होते. लोह फार असेल तर संकेत पहिल्या काही प्रतिमांतच संपतो. उरलेल्या प्रतिमांत नुसता गोंगाट असतो. तोही हिशेबात धरला तर लोह प्रत्यक्षाहून कमी दिसते. आलेखाची शेपटी सपाट झालेली दिसली की हे ओळखावे आणि त्या प्रतिमा वगळून पुन्हा गणित करावे. वर दिलेल्या सर्व मर्यादा १.५ टेस्लाच्या यंत्रासाठी आहेत. ३ टेस्लावर टी२* जवळपास निम्मा येतो. म्हणून अहवालात यंत्राची शक्ती लिहिलेली नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही, आणि वेगवेगळ्या शक्तींच्या यंत्रांवरील अहवालांची थेट तुलना करू नये.

ब्रिटनमध्ये ही मोजणी रुळल्यानंतर आणि हृदयासाठी उपचार वाढवता येऊ लागल्यावर थॅलेसेमियातील हृदयविकाराचे मृत्यू ७१ टक्क्यांनी घटले, असे २००८ मध्ये नोंदवले गेले. नव्या गोळ्यांचाही त्यात वाटा आहे. पण कोणाला त्या जोमाने द्यायच्या हे मोजणीनेच कळले.

विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात चित्र निराळे असते. यकृतात तितकेच लोह असूनही हृदयात ते क्वचितच उतरते, म्हणून तेथे यकृताची मोजणी आधी महत्त्वाची ठरते. शिवाय वेदनेच्या झटक्यात फेरिटिन उसळते. ते तपासायचेच असेल तर झटका ओसरून काही आठवडे गेल्यावर तपासावे.